शुक्रवारी घेतले, सोमवारी विकले: कर टाळणं आणि कर बुडवणं

जानेवारी उजाडला की माझ्या भाच्याचा फोन येतो. कंपनीने गुंतवणुकीचे पुरावे मागितलेले असतात आणि शेवटची तारीख परवावर आलेली असते. मी आयकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो, त्यामुळे घरातले असले सगळे फोन माझ्याकडेच वळतात. या वर्षी त्याने विचारलं, “मामा, आत्याच्या नावाने भाडेपावत्या केल्या तर चालेल? तिचा पॅन आहे माझ्याकडे.”

मी म्हटलं, “तू राहतोस कुठे?”

“घरीच. आईबाबांकडे.”

“मग आत्याला कसलं भाडं देतोस?”

“देत नाही, पण पावती दिली तर चालतं ना. ऑफिसात सगळेच देतात.”

हे चालत नाही, आणि का चालत नाही ते एका वाक्यात सांगता येतं: पावती खोटी आहे. जे घडलंच नाही ते घडल्याचं तो सरकारला लिहून देणार होता. यालाच करचोरी म्हणतात. उत्पन्न लपवणं, बनावट बिलं लावणं, अर्धी रक्कम रोखीत घेऊन दस्तात कमी किंमत दाखवणं, हे सगळं त्याच जातीचं. रक्कम लहान असली तरी जात बदलत नाही. पकडलं गेलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून केलेल्या मोठ्या चोरीत तुरुंगवासही.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो जास्त हुशारीचा होता. “बरं, मग बाबांनाच भाडं दिलं तर? घर त्यांच्या नावावर आहे.”

हे कायदेशीर आहे. घर वडिलांच्या मालकीचं हवं, भाडं खरोखर त्यांच्या खात्यात जायला हवं आणि वडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. भाच्याचा मूळ पगार महिना ५० हजार आणि घरभाडेभत्ता २० हजार. त्याने २० हजार भाडं दिलं, तर जुन्या करपद्धतीत मूळ पगाराच्या दहा टक्के, म्हणजे ५ हजार, वजा जाऊन महिना १५ हजारांचा भत्ता करमुक्त होतो. वर्षाला १ लाख ८० हजार. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणजे उपकरासह ५६ हजारांच्या आसपास कर वाचतो. वडिलांना वर्षाला २ लाख ४० हजार भाडं मिळालं, तरी त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, आणि त्यांचं निवृत्तिवेतन बेताचं असल्याने त्यांना काहीच कर लागत नाही.

“मामा, पण दोन्हीकडे सरकारचे तेवढेच पैसे जातात की. एक चोरी आणि दुसरं बरोबर, असं कसं?”

मी उत्तर द्यायच्या आत त्याने पुढचं टाकलं. “आणि बाबा काही ते पैसे ठेवून घेणार नाहीत. पाच तारखेला परतच पाठवतील. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशांवर कर नसतो ना?”

नसतो. वडिलांकडून मुलाला मिळालेली भेट करमुक्त असते. म्हणजे एक तारखेला भाडं जाणं कायदेशीर, पाच तारखेला भेट येणं कायदेशीर. दोन्ही व्यवहार बँकेतून झालेले, दोन्ही खरे. तरीही हे ऐकताना मनात काहीतरी खटकतं. का खटकतं ते नीट कळावं म्हणून आपण जरा मोठ्या रकमेच्या एका प्रकरणाकडे जाऊ. ते मुंबईचं आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे आणि त्यात कोणीही खोटं बोललेलं नाही.

२४ मार्च २०००, शुक्रवार. आर्थिक वर्ष संपायला आठवडा उरलेला. वॉलफोर्ट शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स या मुंबई शेअर बाजारातल्या दलाल कंपनीने चोला म्युच्युअल फंडाच्या एका योजनेचे ८ कोटी रुपयांचे युनिट विकत घेतले. योजनेने युनिटमागे ४ रुपये लाभांश जाहीर केला होता आणि तो कोणाला मिळणार हे ठरवणारी तारीख, म्हणजे रेकॉर्ड डेट, नेमकी तीच होती. युनिटचं मूल्य त्या दिवशी १७ रुपये २३ पैसे होतं. लाभांश वाटला की तेवढे पैसे फंडाच्या तिजोरीतून बाहेर जातात, त्यामुळे युनिटचं मूल्यही तेवढंच उतरतं. सोमवारी, २७ मार्चला, ते १३ रुपये २३ पैसे झालं होतं. बरोबर चार रुपये कमी. त्याच सोमवारी कंपनीने सगळे युनिट परत विकले.

आता हिशेब बघू. ८ कोटी घातले, विक्रीतून सुमारे ५ कोटी ९१ लाख आले. वहीत तोटा २ कोटी ९ लाख. पण लाभांशापोटी १ कोटी ८२ लाख हातात पडले होतेच. आणि एवढी मोठी रक्कम फंडात आणल्याबद्दल जवळजवळ २४ लाखांचं प्रोत्साहन मानधनही मिळालं होतं. सगळं जमेला धरलं, तर शनिवार-रविवार ओलांडून खिशातून खरोखर गेले ते साधारण साडेतीन लाख रुपये.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर कराच्या वहीत आहे. युनिटवरचा लाभांश तेव्हा घेणाऱ्याच्या हातात करमुक्त होता. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० मध्ये तशी सूट होती. म्हणजे १ कोटी ८२ लाखांच्या प्राप्तीवर कर शून्य. तोट्याला मात्र पूर्ण मान्यता होती. २ कोटी ९ लाखांचा तोटा धंद्यातल्या दुसऱ्या, करपात्र नफ्यातून वजा करता येत होता. मानधन उत्पन्नात धरलं तरी १ कोटी ८५ लाखांचा नफा करातून निसटत होता. कंपन्यांचा मूळ दर तेव्हा ३५ टक्के होता. अधिभार सोडून दिला तरी ६५ लाखांच्या आसपास कर वाचला. साडेतीन लाख घालून पासष्ट लाख. तीन दिवसांत, आणि त्यातले दोन सुट्टीचे.

या प्रकाराला बाजारात डिव्हिडंड स्ट्रिपिंग म्हणतात. सालं काढून घेतल्यासारखा लाभांश सोलून घ्यायचा आणि उरलेलं विकून टाकायचं.

आयकर खात्याने हा तोटा नाकारला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हा तोटा नाही, ही लाभांश विकत घेण्याची किंमत आहे. करमुक्त उत्पन्न मिळवायला केलेला खर्च दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रकरण न्यायाधिकरण, मुंबई उच्च न्यायालय असं करत वर गेलं आणि ६ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कंपनी जिंकली. सरन्यायाधीश कापडिया यांच्या खंडपीठाने म्हटलं की व्यवहार आधीच ठरवून केला असं मानलं, तरी तो खोटा ठरत नाही. युनिट खरोखर घेतले गेले, पैसे खरोखर दिले गेले, लाभांश खरोखर मिळाला. कायद्याने दिलेला फायदा घेतला म्हणून कायद्याचा गैरवापर झाला असं म्हणता येणार नाही.

इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवावी. भाच्याची आत्याच्या नावाची पावती आणि हा व्यवहार यांत कायद्याच्या दृष्टीने जो फरक आहे, तो खऱ्याखोट्याचा आहे. पावतीत घटना बनावट आहे. इथे प्रत्येक घटना खरी आहे आणि ती खात्यापासून लपवलेलीही नाही. म्हणून पहिली करचोरी, दुसरं करटाळणी. पैसे किती वाचले याचा या भेदाशी संबंध नाही. पाच हजारांची खोटी पावती चोरी असते, आणि पासष्ट लाख वाचवणारा खरा व्यवहार कायदेशीर असू शकतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कायदा याच रेघेवर उभा आहे.

ही रेघ जुनी आहे. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या माळ्याला पगाराऐवजी एक करारपत्र लिहून दिलं. घरगुती नोकराचा पगार कराच्या हिशेबात वजा होत नसे, करारान्वये दिलेली वार्षिक रक्कम मात्र होत असे. माळी बागेत पूर्वीसारखाच राबत होता. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला: आपला कर कमी बसेल अशा रीतीने आपले व्यवहार मांडायचा प्रत्येकाला अधिकार आहे. आपल्याकडे १९८५ मध्ये मॅकडॉवेल प्रकरणात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी या विचारावर कडक टीका केली. करटाळणीमुळे चलाखांच्या खांद्यावरचा भार साध्याभोळ्या नागरिकांच्या खांद्यावर सरकतो, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते मत इतकं ताणू नका असं सांगितलं. असा हा लंबक हलत राहिलेला आहे.

आता नीतीचा प्रश्न. वॉलफोर्टसारखा व्यवहार कायदेशीर ठरला, पण तो योग्य होता का?

माझ्या व्यवसायातले बहुतेक लोक या प्रश्नावर खांदे उडवतात. म्हणतात, कर हा दानधर्म नाही. कायद्याने मागितलं तेवढं द्यायचं. कमी मागितलं असेल तर चूक मागणाऱ्याची. या म्हणण्यात दम आहे. पीपीएफमध्ये पैसे टाकून कर वाचवणारा माणूसही कर टाळतोच, आणि त्याला कोणी अनैतिक म्हणत नाही. मग रेघ ओढायची कुठे?

मी स्वतः एक छोटी कसोटी लावतो. व्यवहारातून कर काढून टाकायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं. पीपीएफमधून करसवलत काढली, तरी पंधरा वर्षांची बचत उरते. सरकारला हवी होती तीच ती गोष्ट; सवलत त्यासाठीच दिलेली होती. वडिलांच्या भाड्यातून कर काढला, तरी म्हाताऱ्या बापाच्या खात्यात दरमहा वीस हजार उरतात. शुक्रवार-सोमवारच्या व्यवहारातून कर काढला, तर उरतो साडेतीन लाखांचा निव्वळ तोटा. शहाणा माणूस असा व्यवहार करणारच नाही. त्यात कसली गुंतवणूक नाही, जोखीम जवळजवळ नाही. फंडाच्या कंपन्या वर जातील की खाली, याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नव्हतं. तो व्यवहार फक्त आयकराच्या विवरणपत्रासाठी जन्माला आला होता.

आणि दुसरं. लाभांश करमुक्त ठेवला होता तो सामान्य माणसाने बँकेतली ठेव सोडून म्युच्युअल फंडाकडे वळावं म्हणून. तोटा वजा करायची मुभा होती ती धंद्यात खरोखर मार खाल्लेल्याला श्वास घेता यावा म्हणून. दोन्ही सवलती समंजस होत्या. एकीचं टोक दुसरीला जोडलं, की कोणालाच द्यायची नव्हती अशी तिसरी सवलत तयार झाली. पळवाट बहुतेक वेळा अशीच असते. कायद्यात भोक पडलेलं नसतं, दोन चांगल्या भिंती जिथे मिळायला हव्या होत्या तिथे त्या मिळालेल्या नसतात.

म्हणून माझं मत असं, की हा व्यवहार कायदेशीर होता आणि तरी चुकीचा होता. चुकीचा अशासाठी, की ज्याला ‘तोटा’ म्हटलं तो तोटा नव्हता हे करणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. शब्द कायद्याचा वापरला, अर्थ मात्र काढून टाकला. आणि ही वाट सगळ्यांना खुलीही नव्हती. आठवडाभरासाठी आठ कोटी मोकळे असलेल्यालाच ती चालता येत होती. पगारदाराचा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. त्याला शुक्रवार-सोमवार असा खेळ खेळायला जागाच नसते. चिन्नप्पा रेड्डींचा मुद्दा मला इथे पटतो.

पण न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तोही मला योग्यच वाटतो. यात विसंगती नाही. एखादी गोष्ट अनैतिक वाटली म्हणून अधिकाऱ्याने कर आकारायचा म्हटलं, तर उद्या कर कायद्यावर नाही, साहेबाच्या मनावर ठरेल. ही भीती पोकळ नाही. व्होडाफोनने २००७ मध्ये भारतातली मोबाइल कंपनी ताब्यात घेतली ती केमन बेटांवरच्या एका कंपनीचा समभाग घेऊन, म्हणजे विक्री कागदोपत्री भारताबाहेर झाली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यावेळच्या कायद्यात यावर कर नाही. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलला आणि तो १९६२ पासून लागू केला. म्हणजे खेळ संपल्यावर पन्नास वर्षं मागे जाऊन नियम बदलले. पळवाट वापरणाऱ्याची नीती सैल होती असं मानलं, तरी सरकारची त्याहून सैल निघाली. शेवटी २०२१ मध्ये ती मागणी सरकारलाच मागे घ्यावी लागली.

पळवाट बुजवायचा सरळ मार्ग पुढच्यासाठी कायदा बदलण्याचा, आणि लाभांशाच्या बाबतीत तो वापरला गेला. २००१ च्या वित्त कायद्याने कलम ९४ मध्ये सातवं उपकलम आलं. रेकॉर्ड डेटच्या आधी तीन महिन्यांच्या आत घेतलं आणि नंतर तीन महिन्यांच्या आत विकलं, तर करमुक्त लाभांशाएवढा तोटा हिशेबात धरायचा नाही, असा नियम १ एप्रिल २००२ पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच उपकलमावर बोट ठेवलं. संसदेने २००२ पासून पुढे फक्त लाभांशाएवढा तोटा बाद केला, याचा अर्थ त्याआधीचा तोटा बाद नव्हता.

ठिगळाची अडचण अशी, की ते किती मोठं आहे हे सगळ्यांना दिसतं. तीन महिने म्हटलं की लोक तीन महिने आणि एक दिवस थांबतात. म्हणून युनिटसाठी नंतरची मुदत २००४ मध्ये नऊ महिने करावी लागली. लाभांशाऐवजी बोनस युनिट, म्हणजे फुकट मिळणारे जादा युनिट, सोलायची युक्ती निघाली, त्यासाठी आठवं उपकलम आलं. पण ते युनिटपुरतंच होतं, मग बोनस शेअरचा खेळ सुरू राहिला. शेअर त्यात आले ते २०२२ च्या वित्त कायद्याने. लाभांशाची मूळ गंमत संपली ती २०२० मध्ये, लाभांश घेणाऱ्याच्या हातात करपात्र झाल्यावर. २०२५ चा नवा आयकर कायदा आल्यावर कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे जुन्या कागदांत कलम ९४ दिसलं तर गोंधळू नये.

ठिगळांचा हा पाठलाग थांबवायला १ एप्रिल २०१७ पासून एक सर्वसाधारण नियम लागू झाला. आमच्यात त्याला ‘गार’ म्हणतात. व्यवहाराचा मुख्य हेतू करलाभ असेल, आणि त्यात व्यापारी अर्थ नसेल किंवा कायद्याच्या तरतुदींचा गैरवापर असेल, तर खातं तो व्यवहार झालाच नाही असं धरून कर आकारू शकतं. व्यवहारातून कर काढून बघायची माझी ती छोटी कसोटी आणि हा नियम सख्खे भाऊ आहेत. तेलंगण उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका मोठ्या बोनस स्ट्रिपिंगच्या प्रकरणात हाच नियम उचलून धरला. तिथला बचाव असा होता की खास कलमात शेअर नव्हते, मग सर्वसाधारण नियम लावू नका. न्यायालयाने तो मान्य केला नाही.

मात्र ‘गार’ला उंबरठा आहे. वर्षात ३ कोटींपेक्षा जास्त करलाभ असेल तरच तो लागतो. वॉलफोर्टचा तो एक व्यवहार आज समजा जसाच्या तसा झाला, आणि खास कलम नसतं, तर पासष्ट लाखांची बचत त्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली राहिली असती.

भाच्याकडे परत येतो. त्याला मी सांगितलं की तुझी पाच तारखेची योजना वॉलफोर्टपेक्षाही कच्ची आहे. तिथे पैसे खरोखर दुसऱ्याकडे गेले होते. तुझे पैसे आधीच ठरवून फिरून तुझ्याकडेच येणार असतील, तर तू भाडं सोसलंच नाहीस, आणि खात्याने दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर ती पावती आत्याच्याच पावतीच्या रांगेत जाईल. वडिलांनी वर्षातून कधी नातीच्या शाळेच्या फीला हातभार लावला तर ती गोष्ट वेगळी. दर महिन्याला तेवढेच पैसे, त्याच तारखेला, हे वेगळं.

त्याने भाडेकरार केला, एक तारखेची स्थायी सूचना बँकेला दिली. पाच तारखेचं काय ते बापलेकांनी आपसात बघून घ्यावं म्हणून मी पुढे विचारलं नाही. जूनमध्ये त्याचाच फोन आला.

“मामा, बाबा एक पैसा परत देत नाहीयेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय त्यांनी. मी विचारलं, तर म्हणाले, घरमालक मी आहे, भाडेकरूने विचारायचं नसतं.”